चार वर्षं चालणारं जुनं व्हीएमसी की आठ वर्षं चालणारं नवं?

प्रश्न: सर, भोसरीत आमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. आता फक्त एका व्हीएमसीपुरती जागा आणि वीजभार शिल्लक आहे. जुनं मशीन बसवून १४ लाखांना पडतं, चार वर्षं चालेल, सगळे खर्च आणि कर जाऊन वर्षाला ६ लाख सुटतील आणि शेवटी ते २ लाखांना जाईल. नवं ३४ लाखांना आहे, आठ वर्षं चालेल, वर्षाला ८ लाख सुटतील, शेवटी ५ लाख येतील. १२ टक्क्यांनी हिशेब केला तर नव्याचा एनपीव्ही जास्त येतो. पण आमचे सीए म्हणतात, आयुष्य वेगळं असेल तर इक्विव्हॅलंट ॲन्युअल ॲन्युइटी काढा. त्यात जुनं पुढे जातं. वडिलांचा कल नव्याकडे आहे. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर:

तुमच्या सीएंनी सांगितलेली पद्धत योग्य आहे आणि दिलेल्या आकड्यांवर तिचं उत्तरही बरोबर आहे. तरी वडिलांचं मत मी बाजूला सारणार नाही. त्या उत्तराच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे आणि तुमच्या धंद्यात ते खरं ठरेलच असं नाही. आधी आकडे नीट मांडू, मग त्याकडे येऊ.

मांडण्यापूर्वी एक तपासून घ्या. वर्षाला सुटणाऱ्या ६ आणि ८ लाखांतून बँकेचा हप्ता किंवा व्याज वजा केलेलं नसावं. पैशाची किंमत १२ टक्क्यांच्या दरात आधीच धरलेली आहे. हप्ताही वजा केला तर ती दोनदा मोजली जाते, आणि ज्या मशीनला कर्ज जास्त लागतं त्याच्यावर अन्याय होतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रकल्प अहवालांत ही चूक इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त दिसते. तसंच १४ आणि ३४ लाख हे आकडे जीएसटीचं क्रेडिट मिळाल्यानंतरचे हवेत. जुनं मशीन विकणारा नोंदणीकृत नसेल तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही, पण तो कर लावून बिल देणार असेल तर ते क्रेडिट किमतीतून वळतं करा. हे सगळं तुम्ही केलं आहे असं धरून पुढे जातो.

आता जुनं मशीन. चार वर्षं दरवर्षी ६ लाख मिळणार. १२ टक्क्यांनी पुढच्या चार वर्षांतल्या दरवर्षीच्या एका रुपयाची आजची किंमत ०.८९२९, ०.७९७२, ०.७११८ आणि ०.६३५५. यांची बेरीज ३.०३७३. हाच चार वर्षांचा वार्षिकी गुणक. सहाला याने गुणलं की १८.२२ लाख येतात. शेवटी मिळणाऱ्या २ लाखांची आजची किंमत १.२७ लाख. दोन्हींच्या बेरजेतून १४ लाख वजा केले की उरतात ५.५० लाख. हाच जुन्याचा एनपीव्ही.

नव्याचा आठ वर्षांचा गुणक ४.९६७६. आठाला त्याने गुणून ३९.७४ लाख, शेवटच्या ५ लाखांचे आज २.०२ लाख, त्यातून ३४ लाख गेले की ७.७६ लाख.

म्हणजे तुम्ही काढलेला एनपीव्ही चुकलेला नाही. चूक आहे ती ७.७६ आणि ५.५० या दोन आकड्यांना शेजारी ठेवण्यात. पहिला आकडा आठ वर्षं जागा अडवून मिळालेला आहे, दुसरा चार वर्षं. चार वर्षांनी जुनं मशीन निघालं की ती जागा, तो वीजभार, तो ऑपरेटर, सगळं मोकळं होतं आणि उरलेल्या चार वर्षांत पुन्हा कमाई करू शकतं. साधा एनपीव्ही ती चार वर्षं शून्य धरतो, जणू शेडला कुलूप लागलं.

इथे काही जण एनपीव्हीला वर्षांनी भागतात: ५.५० भागिले ४, ७.७६ भागिले ८. तसं करू नका. पहिल्या वर्षीचा रुपया आणि आठव्या वर्षीचा रुपया त्यात सारखाच वजनदार ठरतो, आणि ते टाळायलाच तर आपण एनपीव्ही काढला होता. भागायचं ते त्याच वार्षिकी गुणकाने. ५.५० भागिले ३.०३७३ म्हणजे १.८१ लाख, ७.७६ भागिले ४.९६७६ म्हणजे १.५६ लाख. ही झाली समतुल्य वार्षिक रक्कम, तुमचे सीए म्हणतात ती इक्विव्हॅलंट ॲन्युअल ॲन्युइटी. एक्सेलमध्ये C2 मध्ये -14, C3 ते C5 मध्ये 6 आणि C6 मध्ये 8 (शेवटच्या वर्षाचे सहा आणि विक्रीचे दोन) भरलेत की C8 आणि C9 मध्ये ही दोन सूत्रं पुरतात:

```
C8:  =NPV(12%,C3:C6)+C2
C9:  =-PMT(12%,4,C8)
```

C2 कंसाबाहेर ठेवलंय ते मुद्दाम. एक्सेलचं NPV फंक्शन कंसातला पहिला आकडा एक वर्षाने मिळणार असं धरतं. आजचे १४ लाख कंसात घातले तर तेही एक वर्ष पुढे ढकलले जातात आणि पुढचं सगळं चुकतं.

१.८१ या आकड्याचा अर्थ मी कारखानदारांना भाड्याच्या भाषेत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. समजा मशीन तुम्ही विकत न घेता कोणाकडून भाड्याने घेतलं, आणि त्याला त्याच्या पैशावर बरोबर १२ टक्के सुटतील इतकंच भाडं दिलंत. जुन्या मशीनचं हे भाडं किती? १४ लाखांतून शेवटी मिळणाऱ्या रकमेचे आजचे १.२७ लाख वजा करा, ३.०३७३ ने भागा. वर्षाला ४.१९ लाख. मशीन ६ लाख कमावतं, ४.१९ भाडं जातं, १.८१ लाख तुमचे. नव्याचं भाडं तसंच काढलं तर ६.४४ लाख येतं. ८ लाखांतून ते गेलं की १.५६ लाख.

आता निवड उघड दिसते. नवं मशीन वर्षाला २ लाख जास्त मिळवून देतं, पण त्याचं भाडं २ लाख २५ हजारांनी जास्त आहे. फरक वर्षाला २५ हजारांचा, जुन्याच्या बाजूने. लांबच्या पद्धतीनेही पडताळून बघा: आठ वर्षांत एकामागून एक दोन जुनी मशीनं घेतलीत तर आजचे ५.५० लाख, आणि चार वर्षांनी पुन्हा मिळणाऱ्या ५.५० लाखांची आजची किंमत ३.४९ लाख, मिळून ८.९९ लाख. नव्याचे ७.७६. आणि ८.९९ ला आठ वर्षांच्या गुणकाने भागलं की पुन्हा १.८१ च येतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. आयुष्यं चार-आठ अशी सोयीची नसून पाच आणि सात असती तर साखळी पस्तीस वर्षं लांब करावी लागली असती. समतुल्य वार्षिक रकमेने ते कष्ट वाचतात, इतकंच.

पण या पडताळणीत मी एक वाक्य सहज लिहून गेलो: "चार वर्षांनी पुन्हा ५.५० लाख". म्हणजे चार वर्षांनी तुम्हाला असंच मशीन, १४ लाखांनाच, तितकंच आयुष्य शिल्लक असलेलं मिळेल आणि तेही वर्षाला ६ लाखच देईल. भाड्याच्या भाषेत सांगायचं तर जुन्या मशीनचा करार चार वर्षांचा आहे, नव्याचा आठ वर्षांचा, आणि ही पद्धत धरून चालते की तुमचा करार जुन्याच भाड्यावर नवा होईल. आपल्याकडे घराचा अकरा महिन्यांचा करार संपल्यावर भाडं तेच राहिल्याचं कितीदा बघितलंय?

म्हणून मी समतुल्य वार्षिक रक्कम काढून थांबत नाही. उलटा प्रश्न विचारतो: दुसऱ्या जुन्या मशीनची किंमत कितीपर्यंत वाढली तर दोन्ही पर्याय सारखे होतील? तुमच्या बाबतीत हे पटकन निघतं. नव्याचे ७.७६ लाख गाठायला पहिल्या जुन्या मशीनच्या ५.५० मध्ये आजच्या किमतीचे २.२७ लाख कमी पडतात. चार वर्षांनंतरच्या रुपयांत ते ३.५६ लाख होतात. पहिल्या मशीनचा एनपीव्ही ५.५० होता; दुसऱ्याचा ३.५६ आला तरी चालेल. म्हणजे कमाई तीच धरली तर दुसऱ्या मशीनची किंमत १ लाख ९३ हजारांनी वाढली की बरोबरी. १४ चे १५.९३ लाख, चार वर्षांत. वर्षाला साधारण ३.३ टक्के वाढ.

हा आकडा बघा आणि स्वतःलाच विचारा, चार वर्षांत मशीनच्या किमती इतक्याच वाढतील का? वर्षाला ५ टक्क्यांनी वाढल्या तर दुसरं मशीन १७.०२ लाखांना पडेल. त्याचं भाडं ४.१९ वरून ५.१८ लाखांवर जाईल आणि ६ लाख कमाईतून तुम्हाला वर्षाला जेमतेम ८२ हजार सुटतील. दोन्ही जुन्या मशीनांचे मिळून आजचे ७.०७ लाख होतात, म्हणजे नव्याच्या ७.७६ पेक्षा कमी. उत्तर उलटलं. तुमच्या वडिलांनी हिशेब केला नसेल, पण जुनं मशीन पुन्हा शोधायची वेळ काय असते हे त्यांनी पाहिलेलं असणार.

तुम्ही म्हणाल, महागाई वाढली तर जॉबचे दरही वाढतील. वाढू देत, तरी नवंच पुढे राहतं. निव्वळ कमाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते आणि शेवटच्या विक्रीच्या रकमा तशाच राहतात असं धरून मी मांडलं, तर दोन जुन्यांचे मिळून ११.८३ लाख आणि नव्याचे १४.११ लाख येतात. कारण असं: नव्या मशीनची किंमत आजच्या भावाने आठ वर्षांसाठी बांधली गेली, आणि वाढत्या दरांची सगळी वाढ तुमच्या खिशात आली. जुन्याच्या बाबतीत मध्येच एकदा वाढीव भावाने खरेदी करावी लागली. समतुल्य वार्षिक रकमेचा हा कल लक्षात ठेवा. महागाई असताना आकडे सपाट धरून आणि १२ टक्क्यांसारखा महागाईसकटचा दर लावून ती काढली, तर ती कमी आयुष्याच्या पर्यायाकडे झुकते. महागाईची काटेकोर दखल घ्यायची तर महागाई वगळलेला दर वापरायचा, किंवा मी केलं तसं दुसरी खरेदी वाढीव किमतीने उघड मांडायची. कारखानदाराला दुसरी पद्धत कळते, म्हणून मी तीच करतो.

याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्कशॉपसाठी मी असाच जुन्या-नव्याचा हिशेब करून दिला. जुनं वरचढ ठरलं, मालकांनी जुनं घेतलं. पुढची खरेदी कोणत्या भावाने होईल हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. चार-साडेचार वर्षांनी मशीन थकलं तेव्हा त्याच बनावटीचं चांगलं जुनं मशीन बाजारात मिळेना, कारण सगळेच तसलं शोधत होते. जे मिळालं त्याचा भाव पहिल्यापेक्षा खूप चढा होता, आणि मधले जवळजवळ तीन महिने तो कोपरा रिकामा राहिला. त्या रिकाम्या महिन्यांची कमाई माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती. तेव्हापासून दोन मशीनांमधली मोकळी वेळ मी वेगळी धरतो. तुमच्या बाबतीत दोन महिने जरी मशीन नसलं तरी लाखभर कमाई जाते, आणि १ लाख ९३ हजारांच्या मोकळिकीतला अर्ध्याहून जास्त भाग तिथेच संपतो.

आता दुसरी बाजू, कारण ती तुमच्यासाठी तितकीच खरी असू शकते. आठ वर्षं काम राहीलच याची खात्री आहे का? तुमचं काम एखाद्या वाहनाच्या ठरावीक पार्टवर अवलंबून असेल आणि ते मॉडेल चार वर्षांत बंद होणार असेल, तर इथे समतुल्य वार्षिक रक्कम काढायचीच नाही. दुसरं मशीन कोणी घेणारच नाही, मग साखळी कुठली? तेव्हा दोन्ही पर्याय चार वर्षांवर तोडायचे आणि चौथ्या वर्षी नवं मशीन किती रुपयांना विकलं जाईल ते त्यात घालायचं. समजा चार वर्षं वापरलेलं नवं मशीन १६ लाखांना गेलं. चार वर्षांची कमाई आज २४.३० लाख, विक्रीचे आज १०.१७ लाख, वजा ३४ लाख. हातात जेमतेम ४७ हजार. जुन्याचे ५.५० लाख. नव्याने बरोबरी करायची तर ते चौथ्या वर्षी जवळपास २४ लाखांना विकलं जायला हवं. ३४ लाखांचं मशीन चार वर्षं दोन शिफ्टमध्ये चालवून २४ ला जाताना मी पाहिलेलं नाही. अशा वेळी जुनं घ्या, वाद नको.

या दोन टोकांच्या मध्ये जो प्रश्न राहतो तो "चार वर्षं चालेल" या तुमच्या वाक्याचा. त्याच्यावर तुम्ही फारसा विचार केला नसेल असं वाटतं, कारण मशीनचं आयुष्य हे लोक कॅटलॉगमधल्या वजनासारखं दिलेलं मानतात. तसं ते नसतं. जुनं मशीन तीनच वर्षं चाललं तर, बाकी सगळं तसंच ठेवून, समतुल्य रक्कम १.८१ वरून थेट ७६ हजारांवर येते. पाच वर्षं चाललं तर २.४३ लाख होते. एका वर्षाच्या इकडेतिकडे सगळा निर्णय फिरतो. नव्या मशीनलाही हे लागू आहे, सात वर्षांत ते १.०५ लाखांवर उतरतं, पण नव्याचं आयुष्य एका वर्षाने चुकणं आणि जुन्याचं चुकणं यांत शक्यतेचा मोठा फरक आहे.

म्हणून जुन्या मशीनचे पैसे मोजण्याआधी त्याचं उरलेलं आयुष्य मोजा. स्पिंडलमध्ये टेस्ट बार लावून डायल इंडिकेटरने रनआउट बघा, एकदा थंड असताना आणि एकदा तासभर फिरवून गरम झाल्यावर. प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश तपासा, आणि तोही टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना वेगवेगळा. मध्यावरच जास्त निघाला तर बॉलस्क्रू त्या भागात झिजलाय. कॉम्पेन्सेशनचा आकडा भरून ते झाकता येतं, बरं करता येत नाही. कंट्रोलरमध्ये पॉवर-ऑन आणि कटिंगचे तास दिसतात. हे आकडे बदललेलेही असू शकतात, म्हणून त्यांचा मेळ टूल चेंजरच्या आणि गाइडवेच्या झिजेशी बसतो का ते पाहा. आणि त्या कंट्रोलरची कार्डं, ड्राइव्ह आजही मिळतात का हे दुरुस्तीवाल्याला विचारा. लोखंड दहा वर्षं टिकतं. ड्राइव्ह मिळेना झाला की मशीन त्या दिवशी म्हातारं होतं. स्पिंडल दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येईल असं दिसलं तर तो त्याच वर्षात घाला, सरासरी काढून सगळ्या वर्षांत वाटू नका. सपाट ६ लाख धरल्याने वाईट वर्ष लपतं.

उलट, जुनं मशीन ठेवायचं किती वर्षं हा निर्णयही तुमच्याच हातात आहे. तीन, चार, पाच वर्षांनी विकलं तर काय येईल हे प्रत्येकासाठी वेगळं मांडा, त्या त्या वर्षीच्या खऱ्या विक्रीभावाने आणि वाढत्या दुरुस्तीखर्चाने. ज्या वर्षी समतुल्य रक्कम सर्वांत जास्त येते तेच त्याचं खरं आयुष्य, आणि नव्याशी तुलना त्याचीच करायची.

एक छोटी गोष्ट दराबद्दल. जुन्या मशीनमध्ये धोका जास्त म्हणून काही जण त्याला १५ टक्के आणि नव्याला १२ टक्के लावतात आणि मग दोन वार्षिक रकमा शेजारी ठेवतात. तसं चालत नाही. दर वेगळे असले की वर्षाला मिळणारा एक रुपया दोन्हीकडे एकाच किमतीचा राहत नाही. दर वेगळे लावायचेच असतील तर प्रत्येक वार्षिक रकमेला तिच्या दराने भागून, कायम चालणाऱ्या साखळीची आजची किंमत काढा आणि त्या दोन किमतींची तुलना करा. मी शक्यतो ते टाळतो. धोका आयुष्यात आणि बंद राहण्याच्या दिवसांत आकड्याने धरतो. दरात घातला की तो कुठे गेला ते कोणालाच दिसत नाही.

तुमच्या वर्कशॉपला उद्या कॉम्प्रेसर किंवा जनरेटर घ्यायचा असेल तेव्हा कमाई दोन्हीकडे तीच असते, फरक खर्चाचा असतो. तेव्हा हीच रीत खर्चावर लावा: सगळ्या खर्चाची आजची किंमत काढा, गुणकाने भागा, आणि ज्याचं वर्षाचं भाडं कमी तो घ्या. कॉम्प्रेसरच्या बाबतीत विजेचा खर्च त्यात नक्की घाला. खरेदीच्या किमतीपेक्षा तोच मोठा निघतो.

आता तुमचा निर्णय. वर्षाला २५ हजारांचा फरक हा ६ आणि ८ लाखांच्या अंदाजांपुढे काहीच नाही. एखाद्या महिन्यात दोन-तीन जॉब परत आले तरी तो पुसला जाईल. अशा वेळी मी तक्त्यातल्या जिंकणाऱ्याकडे बघत नाही, १५.९३ लाख या आकड्याकडे बघतो. या आठवड्यात जुन्या मशीनांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन करा आणि आजचा भाव विचारू नका. विचारा, तुम्ही बघताय त्याच बनावटीचं, तितक्याच वयाचं मशीन चार वर्षांपूर्वी कितीला गेलं होतं. त्याची आजच्या १४ शी तुलना करून वर्षाची वाढ काढा. ती तीन टक्क्यांच्या आत असेल, मशीन आणखी चार वर्षं चालेल असं तपासणीत दिसलं असेल आणि हातात असलेलं काम चार-पाच वर्षांचंच असेल, तर जुनं घ्या. वाढ चार-पाच टक्के असेल आणि काम आठ वर्षं राहील असं ग्राहकाच्या वेळापत्रकावरून दिसत असेल, तर मी तुमच्या वडिलांच्या बाजूने आहे.